समलंब वेगरेखा आणि त्वरणाची निवड

यंत्रातील सरकता भाग एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना त्याचा वेग प्रथम समान त्वरणाने वाढवतात, काही काळ स्थिर ठेवतात आणि शेवटी तितक्याच समान दराने शून्यावर आणतात. काळ आणि वेग यांचा आलेख समलंब चौकोनासारखा दिसतो, म्हणून त्यास समलंब वेगरेखा म्हणतात. अशा प्रवासाचा एकूण काळ काढणे सोपे असते: अंतराला कमाल वेगाने भागावे आणि त्यात कमाल वेग भागिले त्वरण मिळवावे.

त्वरण किती ठेवावे, हे मोटरचा टॉर्क ठरवतो. स्टेपर मोटरच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेला टॉर्क मोटर थांबलेली असतानाचा असतो. वेग वाढतो तसा टॉर्क घटतो. त्वरणाची खरी कसोटी चढणीच्या वरच्या टोकाशी, म्हणजे कमाल वेगाजवळ लागते. त्यामुळे हिशेब त्या वेगाला मिळणाऱ्या टॉर्कवरच करावा लागतो.

समजा, ४ किलोची कॅरेज १० मिलिमीटर त्रिज्येच्या दातेरी कप्पीवरील पट्ट्याने ३०० मिलिमीटर सरकवायची आहे. कमाल वेग सेकंदाला ०.५ मीटर, म्हणजे मोटरचे मिनिटाला सुमारे ४७७ फेरे. मोटरचा स्थिर टॉर्क १.२ न्यूटन-मीटर असला, तरी या वेगाला तो ०.६ उरतो. सुरक्षिततेसाठी त्याचा दोन-तृतीयांश, म्हणजे ०.४ इतकाच वापरावा. घर्षणाचे ०.०४ वजा जाता ०.३६ शिल्लक राहतो. कॅरेजचे जडत्व ०.०००४० आणि मोटरच्या रोटरचे ०.००००५, मिळून ०.०००४५ किलोग्रॅम-मीटर वर्ग. भागाकाराने कोनीय त्वरण ८०० रेडियन प्रति सेकंद वर्ग येते. त्यास त्रिज्येने गुणले की ८ मीटर प्रति सेकंद वर्ग. प्रवासास ०.६६ सेकंद लागतात.

हाच हिशेब चुकून १.२ वर केला, तर त्वरण सुमारे २६ येते आणि काळ ०.६२ सेकंद दिसतो. कागदावर वाचतात अवघे ०.०४ सेकंद, प्रत्यक्षात मात्र कमाल वेगाजवळ पोहोचताना मोटर पावले चुकवते. स्थान मोजणारा एन्कोडर नसेल, तर नियंत्रकास त्याचा पत्ताच लागत नाही. परीक्षा अशी: कॅरेज पूर्ण भारासह पन्नास वेळा मागेपुढे चालवून लिमिट स्विचपाशी आणावी. मूळ पावलाशी मेळ बसला नाही, तर त्वरण कमी करावे. मंदनास घर्षणाची मदत होते, म्हणून अडचण बहुधा चढणीतच येते.

अंतर ३१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर या कॅरेजला कमाल वेग गाठताच येत नाही आणि समलंबाचा त्रिकोण होतो. २० मिलिमीटरच्या प्रवासात वेग सेकंदाला ०.४ मीटरपर्यंत चढतो व काळ ०.१ सेकंद लागतो. अशा आखूड हालचालींतच त्वरण वाढवण्याचा लाभ ठळक असतो. लांब प्रवासात तो फारसा उरत नाही.