रुतलेले नख

नखाची कड बाजूच्या मांसात घुसून वेदना व सूज निर्माण होते, त्या विकारास रुतलेले नख असे म्हणतात. हा विकार बहुधा पायाच्या अंगठ्यास होतो. नखाचा कोपरा खोलवर गोलाकार कापल्यास तेथे न दिसणारा बारीक काटा राहून जातो आणि नख पुढे वाढताना तो त्वचेत शिरतो. दुखते म्हणून कोपरा पुन्हा कोरला, तर काटा अधिकच आत राहतो. दुखणे चिघळण्याचे हे नित्याचे कारण होय. म्हणून नख सरळ आडवे कापावे व कोपरे त्वचेच्या वर मोकळे राहू द्यावेत.

प्रारंभी पाऊल कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा बुडवून नंतर पूर्ण कोरडे करावे. याने त्वचा मऊ होऊन ठणका कमी होतो. आत गेलेला काटा मात्र निघत नाही. पू झाल्यास, कडेला लाल, सहज रक्त येणारे मांस वाढल्यास किंवा नख वारंवार रुतल्यास लहान शस्त्रक्रिया करावी लागते. अंगठा बधिर करून नखाची रुतणारी उभी पट्टी तेवढी काढतात व ती पुन्हा उगवू नये म्हणून तेथील नखमुळास फिनॉल लावतात. मधुमेहात पायाची संवेदना मंदावल्याने वेदना जाणवेलच असे नाही. अशा रुग्णांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता वैद्यकीय उपचार घ्यावेत.