कर्ता गेल्यानंतर एचयूएफचा प्राप्तिकर

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत वडिलोपार्जित दुकान, भाड्याने दिलेला मजला किंवा काही ठेवी एकत्र कुटुंबाच्या म्हणजे एचयूएफच्या नावावर आहेत. कर्ता असेपर्यंत विवरणपत्र तेच भरतात आणि बाकीच्यांना त्यात लक्ष घालावे लागत नाही. ते गेल्यावर मात्र पहिला प्रश्न असतो, एचयूएफ आता बंद करायची का? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कर्ता गेला म्हणून कुटुंब संपत नाही. पॅन तोच राहतो, विवरणपत्र त्याच नावाने जाते, फक्त सही करणारी व्यक्ती बदलते.

खरी अडचण वेगळीच असते. गेलेल्या माणसाची स्वतःची मिळकत आणि कुटुंबाची मिळकत बँकेच्या कागदांवर एकमेकांत मिसळलेली असते. म्हणून सर्वात आधी प्रत्येक ठेवीवर आणि दस्तावर कोणता पॅन आहे ते पाहावे. पॅनचे चौथे अक्षर H असेल तर तो कुटुंबाचा, P असेल तर व्यक्तीचा. वडिलांच्या P पॅनवरची ठेव एचयूएफच्या खात्यात वळवून ‘एकाच जागी राहू दे’ म्हणणे चुकीचे आहे. ती त्यांची स्वकष्टार्जित रक्कम असेल तर मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वारसांची व्यक्तिगत मालमत्ता होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केले. वडिलांकडून असा वारसा मिळालेला मुलगा ती रक्कम व्यक्ती म्हणून धारण करतो, स्वतःच्या एचयूएफचा कर्ता म्हणून नव्हे. एखाद्या वारसाने आपला वाटा मुद्दाम एचयूएफमध्ये टाकला, तरी त्याचे उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. त्यामुळे कर वाचत नाही, हिशेब मात्र वाढतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बडोद्यात दांडिया बाजारात वडिलोपार्जित इमारत आहे. कुटुंबात वडील, आई, मोठी विवाहित मुलगी आणि धाकटा मुलगा. वडील ऑक्टोबर २०२५ मध्ये वारले.

२०२५-२६ या वर्षासाठी दोन विवरणपत्रे लागतील. पहिले वडिलांचे व्यक्ती म्हणून, १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या त्यांच्या उत्पन्नाचे. ते वारसाने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचे. वर्ष अर्धेच असले तरी करमुक्त मर्यादा पूर्ण मिळते. दुसरे एचयूएफचे, आणि ते पूर्ण बारा महिन्यांचे. कर्ता गेल्याच्या तारखेला त्याचे दोन तुकडे होत नाहीत.

इमारतीचे भाडे वर्षाला ७,२०,०००. महापालिकेचा कर २०,००० वजा जाता ७,००,००० राहतात. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ४,९०,०००. एचयूएफच्या ठेवींवरचे व्याज १,६०,०००. एकूण ६,५०,०००. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही आणि पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के, म्हणजे १२,५००. उपकर ५०० धरून १३,००० रुपये. यावर घरातले लगेच म्हणतात, ‘बारा लाखांपर्यंत कर नाही ना?’ ती सवलत कलम ८७अ ची आहे आणि ती फक्त निवासी व्यक्तीला मिळते, एचयूएफला नाही. हा कर भरून उरलेल्या रकमेतून सदस्याला जे मिळते, त्यावर सदस्याच्या हाती पुन्हा कर नाही.

नवा कर्ता कोण? सामान्यतः सहदायकांपैकी सर्वात ज्येष्ठ. आपल्याकडे आईंचे नाव सहज सुचवले जाते, पण आई कुटुंबाची सदस्य असली तरी सहदायक नसते, आणि १९६५ पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की विधवा कर्ता होऊ शकत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मात्र जन्मानेच सहदायक झाली. तिचे लग्न झाले असले तरी, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी, हा हक्क तिला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ठरवले. ज्येष्ठ मुलगी कर्ता होऊ शकते हे त्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केले होते. म्हणून आपल्या उदाहरणात कर्ता होण्याचा पहिला हक्क मुलीचा. तिला तो नको असेल तर सर्वांच्या संमतीने भाऊ होऊ शकतो. दोन्ही बाबतींत मृत्यूचा दाखला आणि सर्व सदस्यांच्या सह्यांचे प्रतिज्ञापत्र करून बँकेत व प्राप्तिकर खात्याकडे कर्त्याचे नाव बदलून घ्यावे. मुलीची सही टाळून केलेले कागद पुढे विक्रीच्या वेळी हमखास अडतात.

आता वडिलांचा कुटुंबातला हिस्सा. २००५ नंतर तो आपोआप उरलेल्या सहदायकांकडे जात नाही. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा मानतो आणि वडिलांच्या वाट्याला आले असते तेवढे त्यांच्या वारसांना मिळते. गुजरात आणि महाराष्ट्रात चालणाऱ्या परंपरेप्रमाणे अशा वाटणीत पत्नीलाही मुलाएवढा भाग असतो. म्हणून वडील, आई, मुलगी, मुलगा यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. मृत्युपत्र नसेल तर वडिलांचा चतुर्थांश तिघांत वाटून प्रत्येकी एक बारांश. आईचा मूळ चतुर्थांश आणि वारशाचा एक बारांश मिळून एक तृतीयांश होतो. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगलीहून आलेल्या गुरुपाद मगदूम खटल्यात पक्की केली.

पण ही मानलेली वाटणी म्हणजे प्रत्यक्ष वाटणी नव्हे. वारसा म्हणून आलेल्या एक बारांशावरचे उत्पन्न तत्त्वतः त्या त्या वारसाचे व्यक्तिगत असते आणि बाकीचे कुटुंबाचे. हिस्सा वेगळा काढलेला नसताना सगळे उत्पन्न एचयूएफमध्येच दाखवण्याची पद्धतही आहे, आणि सल्लागारांत यावर मतभेद आहेत. आमच्या मते पहिल्याच वर्षी सीएकडून लेखी मत घ्यावे आणि तेच दरवर्षी चालवावे. वडिलांनी आपला हिस्सा मृत्युपत्राने एकाच मुलाला दिला असेल, तर तो वेगळा दाखवणेच बरे.

खरी वाटणी करायची झाल्यास ती संपूर्ण हवी. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अंशतः वाटणी प्राप्तिकर खाते मानत नाही. ‘ठेवी वाटल्या, इमारत एकत्रच’ असे केले तर वाटलेल्या ठेवींचे व्याजही कुटुंबाचेच धरले जाते. ज्या एचयूएफची आकारणी आधी झाली आहे, तिने अधिकाऱ्याकडे वाटणीचा दावा करावा लागतो. तो सर्व सदस्यांना नोटीस देऊन चौकशी करतो आणि वाटणीची नोंद करतो. नोंद होईपर्यंत एचयूएफ चालू आहे असेच धरले जाते. १९६१ च्या कायद्यात हे कलम १७१ होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्याने जुन्या पत्रांतले कलमांचे क्रमांक जसेच्या तसे उतरवू नयेत. संपूर्ण वाटणीत मिळालेल्या इमारतीवर त्या वेळी भांडवली नफ्याचा कर नाही. पुढे विकताना मात्र कुटुंबाची मूळ खरेदी किंमत आणि कुटुंबाने ती बाळगलेला काळ धरला जातो, म्हणून जुने दस्त प्रत्येक वाटेकऱ्याने नक्कल करून ठेवावेत.

गोव्यातल्या आपल्या नातेवाइकांना हे सर्व लागू होईलच असे नाही. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली पती-पत्नीच्या सामायिक मालमत्तेची पद्धत आहे. त्या पद्धतीखालील दांपत्याचे घरभाडे, व्याज असे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून कर लागतो. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.