आधी-नंतरची छायाचित्रे (शरीरबदल)

आधी-नंतरची छायाचित्रे म्हणजे व्यायाम, आहार किंवा उपचार सुरू करण्यापूर्वी आणि काही काळानंतर घेतलेली एकाच व्यक्तीची छायाचित्रे होत. ती शेजारी ठेवून शरीराची ठेवण, स्नायूंचा आकार आणि त्वचेखालील चरबी यांतील दृश्य बदलांचे वर्णन केले जाते. व्यायामशाळा, फिजिओथेरपी आणि जाहिराती यांमध्ये या पद्धतीचा वापर होतो. दोन्ही छायाचित्रे सारख्या परिस्थितीत घेतलेली नसल्यास शरीरात बदल झालेला नसतानाही तो दिसू शकतो.

== छायाचित्रणाची पद्धत ==

कॅमेरा तिवईवर, बेंबीच्या उंचीवर आणि शरीरापासून सुमारे ३ मीटर अंतरावर ठेवतात. अंतर कमी असल्यास कॅमेऱ्याकडे असलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो. उदाहरणार्थ, समोरून घेतलेल्या छायाचित्रात पोट बाकीच्या शरीरापेक्षा २० सेंमी पुढे असेल, तर १ मीटरवरून ते तुलनेने २५ टक्के मोठे दिसते. ३ मीटरवरून हा फरक सुमारे ७ टक्केच राहतो.

समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी तीन छायाचित्रे घेतात. पावलांच्या जागा जमिनीवर खुणांनी ठरवलेल्या असतात, कपडे तेच असतात आणि वेळ शक्यतो सकाळची, व्यायामापूर्वीची असते. व्यायामानंतर स्नायूंकडे रक्तप्रवाह वाढल्याने ते काही काळ फुगलेले दिसतात; ही वाढ टिकाऊ नसते.

== प्रकाशाचा परिणाम ==

तिरप्या प्रकाशात स्नायूंमधील खाचांवर सावली पडून ते ठळक दिसतात, तर समोरून पडणाऱ्या प्रकाशात तेच शरीर सपाट भासते. उघड्यावर घेतलेल्या छायाचित्रांत ऋतुमानाचाही परिणाम होतो. नागपूर सुमारे २१° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्याच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो क्षितिजापासून सुमारे ४५° उंचीवरच पोहोचतो. त्यामुळे एकाच अंगणात दुपारी बारा वाजता घेतलेल्या डिसेंबर आणि मे महिन्यांतील छायाचित्रांत छाती व पोटावरील सावल्या वेगळ्या असतात. उन्हाळ्यात घामाने चकाकणारी त्वचा हा फरक आणखी वाढवते. म्हणून घरातील एकच जागा आणि एकच दिवा वापरणे अधिक विश्वसनीय ठरते.

== शरीराच्या ठेवणीचे वाचन ==

बाजूच्या छायाचित्रावर ओळंब्याप्रमाणे उभी रेषा आखतात. ती घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढून सुरू होते. संतुलित ठेवणीत कानाची पाळी, खांदा आणि नितंबाचा सांधा या रेषेच्या जवळ येतात. पोक असल्यास कान आणि खांदा पुढे सरकलेले दिसतात. मात्र छाती पुढे काढणे किंवा पोट आत ओढणे काही क्षणांत साध्य होते. त्यामुळे प्रत्येक वेळी व्यक्तीला थोडे चालायला लावून, सैल उभे करून, तीन छायाचित्रे घेतात. त्या तिघांतच जेवढा फरक असेल, त्याहून मोठा फरक दिसला तरच ठेवण बदलली असे म्हणता येते.

== स्नायू व चरबीचे मापन ==

छायाचित्रातील रुंदी थेट न मोजता ती उंचीच्या प्रमाणात मोजावी लागते. समजा, १७० सेंमी उंचीच्या व्यक्तीची पहिल्या छायाचित्रातील उंची १७०० पिक्सेल आणि कमरेची रुंदी ३४० पिक्सेल आहे. दुसऱ्या छायाचित्रात हेच आकडे १६०० आणि ३०४ आहेत. नुसते पिक्सेल पाहिल्यास कंबर जवळजवळ ११ टक्क्यांनी घटली असे वाटते. प्रत्यक्षात रुंदी ३४ सेंमीवरून ३२.३ सेंमीवर आली, म्हणजे घट ५ टक्केच आहे. उरलेला फरक व्यक्ती कॅमेऱ्यापासून थोडी दूर उभी राहिल्याचा आहे.

ही समोरून दिसणारी रुंदी आहे, घेर नव्हे. घेरासाठी टेपच वापरावी लागते. पोटाच्या आतील, अवयवांभोवतीची चरबी छायाचित्रात थेट दिसत नाही. दंडाचा घेर कमी दिसल्यास चरबी घटली की स्नायू, हेही केवळ छायाचित्रावरून निश्चित सांगता येत नाही.

== क्रमाचा प्रश्न ==

छायाचित्र स्वतः काळाचा क्रम सांगत नाही. नितेश तिवारी दिग्दर्शित ‘दंगल’ (२०१६) या चित्रपटासाठी आमिर खान यांनी वजन सुमारे ९७ किलोपर्यंत वाढवून महावीर सिंह फोगट यांच्या उतारवयातील दृश्यांचे चित्रीकरण आधी केले. नंतर वजन घटवून तरुण पैलवानाची दृश्ये चित्रित झाली. कथेत मात्र तरुणपण आधी येते. त्यामुळे चित्रपटातील ‘आधी’चे शरीर चित्रीकरणात ‘नंतर’चे होते. याच कारणाने जाहिरातीतील छायाचित्रांची जोडी तारखा, वजन आणि दोन्ही वेळची परिस्थिती नोंदलेली नसल्यास एखाद्या उत्पादनाच्या परिणामाचा पुरावा ठरत नाही.