हहगलो: एका मराठी हसण्याचा इतिहास

हार्बरफ्रंटहून बाटामची फेरी पकडलीत तर साधारण तासाभरात तुम्ही इंडोनेशियात पोचता. तेवढ्यात चॅटमधलं हसू बदलतं. इकडे hahaha, तिकडे wkwkwk. मोठ्याने वाचून बघा, असं कुणी हसत नाही. पण फोनवर दोन अंगठ्यांनी टाइप करून बघा: w डावीकडे, k उजवीकडे, नुसता ठेका धरायचा. थायलंडमध्ये पाचाला ‘हा’ म्हणतात, म्हणून तिथे 555. लेखी हसू दरवेळी कानाने ऐकून लिहिलेलं नसतं, एवढं यातून कळतं. मग आपलं मराठी हसू कशातून आलं?

आधी इंग्रजीचं थोडक्यात बघू, कारण रोज तेच वापरता. फिडोनेट या जुन्या संगणकजाळ्याच्या वार्तापत्रात मे १९८९ मध्ये संक्षेपांची एक यादी छापली होती, तिच्यात lol आहे. अर्थ सरळ: मोठ्याने हसतोय. आज ‘बस चुकली lol’ लिहिणारा हसलेला नसतो, तो फक्त सांगतो की फार मनावर घेतलेलं नाही. शब्द वापरून झिजला की वरची पायरी लागते, म्हणून lmao. माझ्या मते आता तोही झिजायला लागलाय. छोट्या अक्षरांतला एकटा lmao म्हणजे फार तर नाकातून सुटलेली हवा.

मराठीची शिडी वेगळी आहे. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झालं, मिसळपाव २००७ मध्ये. तिथे गप्पा मारणाऱ्यांत तुमच्यासारखेच देशाबाहेरचे लोक भरपूर. त्यांनी दोन शब्द रुळवले. हहपुवा, म्हणजे हसून हसून पुरेवाट. आणि त्याच्या वरचा हहगलो: हसून हसून गडाबडा लोळलो. इंग्रजी rofl समोर होतंच, पण हसून गडाबडा लोळणं मराठीत आधीपासून होतं, त्यामुळे भाषांतर करायची गरजच पडली नाही.

घडण बघा. lmao मध्ये शब्दाचं पहिलं अक्षर सुटं उचललेलं असतं. देवनागरीत स्वर व्यंजनाला चिकटूनच येतो, म्हणून पुरेवाटचा ‘पु’ आणि ‘वा’ आले, लोळलोचा ‘लो’ आला, आणि शब्द तोंडाने म्हणता आला. शिवाय हा ‘लो’ शेवटचा नाही, लोळण्यातला पहिला आहे. त्यामुळे मुलगी लोळली तरी हहगलोच. ऐकायला मात्र शब्द पुल्लिंगी वाटतो!

मायबोलीवर हसरे चेहरेही शब्दांनी टाइप व्हायचे: `:स्मित:`, `:फिदी:`, `:हाहा:`, `:हहगलो:`. यातली फिदी नीट बघा. फिदीफिदी हसणं म्हणजे कमी किंवा जास्त हसणं नाही, ते जरा आगाऊ, दात काढून हसणं. आजीने ‘फिदीफिदी हसू नकोस’ म्हटलं तर ती आवाजाबद्दल बोलत नसते. किती हसलात याच्याइतकंच कसं हसलात हेही मराठी सांगते, आणि haha ते lmao या चढात ही गोष्ट सापडत नाही.

मग फोनवर हे सगळं का नाही आलं? एक कारण साधं हिशेबाचं. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० चिन्हं मावतात. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्ख्या संदेशाची मर्यादा ७० वर येते. ‘हाहाहा’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण काना वेगळा मोजला जातो, म्हणजे चिन्हं सहा, hahaha इतकीच. किंमत हसण्याची नव्हती, लिपीची होती. पैसे मोजून एसएमएस पाठवणाऱ्या पिढीने हसू रोमनमध्ये नेलं.

राहिला कीस्मॅश, asdfghjkl सारखा. हसून बोटांवर ताबा राहिला नाही असं तो सांगतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅक्युलॉक यांनी २०१९ च्या ‘बिकॉज इंटरनेट’ या पुस्तकात नोंदवलंय की तो मनासारखा दिसला नाही तर बरेच लोक पुसून पुन्हा आपटतात. म्हणजे ताबा असतोच. देवनागरीत मात्र हा प्रकार जमत नाही. इनस्क्रिप्ट कळपाटावर डाव्या हाताखाली स्वर आहेत. a, s, d, f च्या जागी ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा, हलन्त आणि ऱ्हस्व वेलांटी. त्या आपटल्या तर व्यंजनाविना लटकलेल्या मात्रा आणि ठिपक्यांची वर्तुळं दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं फॉन्ट बिघडला.

त्या जागी मराठीत सध्या दुसरंच चालतं. मीमखाली लोक लिहितात ‘वारलो’. एरवी मृत्यूच्या बातमीत अदबीने येणारं क्रियापद स्वतःलाच लावायचं, यातच निम्मी गंमत. आणि इथे मुलगी हसली तर ‘वारले’ लिहिते.