अंदाज खरा ठरला, म्हणजे नेमके काय?

‘पुढच्या आठवड्यात या साथीत 120 पेक्षा जास्त मृत्यू होणार नाहीत, याची शक्यता 90 टक्के आहे,’ असे कोणी सांगितले आणि प्रत्यक्षात 130 मृत्यू झाले, तर अंदाज चुकला का? तसे म्हणता येत नाही. दहा टक्क्यांची वाट त्याने मोकळी ठेवलीच होती. मग अशा अंदाजाला गुण द्यायचे तरी कसे?

या प्रश्नाचे एक मूळ बँकेच्या तिजोरीत सापडते. 1888 साली एजवर्थ या इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञाने विचारले, की ठेवीदार पैसे मागायला येतील तेव्हा कमी पडू नये म्हणून बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी? फार ठेवली तर व्याज बुडते, कमी ठेवली तर पत जाते. दोन्ही चुका चुकाच, पण त्यांची किंमत सारखी नाही. 1951 साली अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी मालाच्या साठ्यासाठी हाच विचार मांडला.

आपण तो वर्तमानपत्र विक्रेत्याच्या उदाहरणाने पाहू. उरलेल्या प्रत्येक अंकामागे त्याचा 1 रुपया जातो आणि कमी पडलेल्या प्रत्येक अंकामागे 9 रुपये, असे समजू. आणखी एक अंक घ्यावा का? तो खपला तर 9 रुपये वाचतील, न खपला तर 1 रुपया जाईल. तो खपण्याची शक्यता दहात एकाहून जास्त आहे तोवर घेणे फायद्याचे. म्हणजे त्याने अशा आकड्यावर थांबावे, की मागणी 90 टक्के दिवस त्याच्या आत राहील. अशा आकड्याला 90 टक्क्यांचा क्वांटाइल म्हणतात.

1978 साली रॉजर कोएंकर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी हीच असमान शिक्षा वापरून आकडेवारीतून क्वांटाइल काढण्याची रीत दिली. शिक्षेचा आलेख काढला तर एक बाजू उभट आणि दुसरी सपाट येते, फळ्यावर आपण करतो त्या ‘बरोबर’च्या खुणेसारखी. पुढे तिला पिनबॉल हानी हे नाव रूढ झाले. सांगितलेला आकडा 120 आणि प्रत्यक्ष 100 असेल, तर फरक 20 आणि हानी त्याच्या 0.1 पट, म्हणजे 2. प्रत्यक्ष 130 निघाले, तर फरक 10 आणि हानी 0.9 पट, म्हणजे 9. हानी जितकी कमी तितका अंदाज चांगला.

पण एवढा खटाटोप कशाला? दहा आठवड्यांपैकी नऊ वेळा प्रत्यक्ष आकडा मर्यादेच्या आत राहिला की नाही, एवढेच मोजले तर? या मोजणीला व्याप्ती म्हणतात. ती आवश्यक आहे, पण एकटी पुरत नाही. समजा, नऊ आठवडे 100 मृत्यू झाले आणि एका आठवड्यात 130. पहिला अंदाजकार दर वेळी 120 म्हणाला. दुसरा नऊ वेळा 1000 म्हणाला आणि 130 च्या आठवड्यात शून्य. दोघांचीही व्याप्ती अगदी 90 टक्के! पहिल्याची सरासरी हानी मात्र (9 × 2 + 9) ÷ 10 = 2.7 येते, तर दुसऱ्याची (9 × 90 + 117) ÷ 10 = 92.7. लबाडी लगेच उघडी पडते.

उलट, नुसती हानीही पुरत नाही. तिच्यावरून दोघांत चांगला कोण ते कळते, पण दोष कुठे आहे ते कळत नाही. 90 टक्क्यांच्या मर्यादेत प्रत्यक्षात 70 टक्केच आकडे आले, तर मर्यादा खाली बसली आहे हे व्याप्ती सांगते. मात्र घाई करू नये. अंदाज निर्दोष असूनही, आणि आठवडे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले तरी, दहापैकी सात किंवा त्याहून कमी वेळाच मर्यादा पाळली जाण्याची शक्यता सुमारे 7 टक्के असते. शंभरपैकी सत्तर आले, तर मात्र दैवाला दोष देता येत नाही.

2020 साली अमेरिकेत करोनाच्या मृत्यूंचे अंदाज अनेक गटांकडून एकत्र गोळा होऊ लागले. प्रत्येकाने 23 क्वांटाइल द्यायचे होते. गुण देण्यासाठी वापरलेले मापक मुळात या सर्व क्वांटाइलांच्या पिनबॉल हानीची सरासरीच होते, आणि जोडीला व्याप्तीही तपासली गेली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात दिसले, की बहुतेक गटांच्या 95 टक्क्यांच्या पट्ट्यांत त्याहून कमी आकडे बसले होते. पट्टे गरजेपेक्षा अरुंद, म्हणजे आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्त. सर्वांचे अंदाज मिळून केलेला सामाईक अंदाज मात्र सातत्याने वरच्या क्रमांकांत राहिला.

रुग्णालयात खाटा किती लागतील हे ठरवणाऱ्याची अडचण त्या वर्तमानपत्र विक्रेत्यासारखीच असते. रिकामी खाट आणि न मिळालेली खाट यांची किंमत सारखी नसते. त्याला वरची मर्यादा हवी असते, आणि ती किती वेळा पाळली गेली याचा हिशेबही.