नळांची टिकटिक (गरम पाण्याची)

गरम पाणी सुरू होताच नळजोडणीतून येणारा टिकटिक किंवा करकर असा आवाज. तापल्याने नळी लांबते आणि पकडीशी किंवा भिंतीशी घासते, हे त्याचे कारण.

बारामती, इंदापूर परिसरात गच्चीवर सौर बंब असलेल्या घरांत हे सहज समजते. हिवाळ्याच्या पहाटे सुमारे १५ अंश सेल्सियस असलेल्या नळीत ६० अंशांचे पाणी आले, तर १० मीटर सीपीव्हीसी नळी जवळजवळ ३ सेंटिमीटर लांबू पाहते. तेवढीच जीआय नळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. ही वाढ सलग होत नाही. घर्षणाने नळी क्लॅम्पपाशी अडते, ताण साचतो आणि ती झटक्याने पुढे सरकते. प्रत्येक झटका म्हणजे एक टिक. म्हणूनच आवाज आधी भरभर येतो, नळी पूर्ण तापली की थांबतो आणि ती निवताना पुन्हा येतो. नळ बंद करताक्षणी येणारा ‘धाड’ आवाज वेगळा. तो पाण्याच्या धक्क्याचा.

सैल क्लॅम्पमध्ये नळी हलून भिंतीवर आपटते, म्हणून मिस्त्री तो करकचून आवळतात. त्याने करकर उलट वाढते. क्लॅम्प भिंतीत पक्का, पण नळीला लांबीच्या दिशेने सरकू देणारा हवा. मध्ये रबराची पट्टी घालावी. स्लॅबमधले भोक नळीपेक्षा मोठे ठेवावे. गिलाव्यात घट्ट गाडलेल्या नळीवर मात्र फोडकामावाचून इलाज नसतो. आवाज सौम्य असेल तर ते टाळलेलेच बरे.