विलंब माफीचा अर्ज

अपील किंवा अर्ज कायद्याने ठरवलेल्या मुदतीनंतर दाखल होत असेल, तर झालेला उशीर माफ करून प्रकरण ऐकावे, अशी विनंती करणारा अर्ज म्हणजे विलंब माफीचा अर्ज. वकिलांच्या रोजच्या बोलण्यात तो ‘डिले कंडोनेशन’ असतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ चा त्याला आधार आहे. मुदतीत न येण्याला ‘पुरेसे कारण’ होते अशी खात्री पटली, तर न्यायालय उशिरा आलेले अपील दाखल करून घेऊ शकते. मूळ दावा मात्र या कलमात बसत नाही. त्याची मुदत संपली की केवळ अर्जाने ती वाढत नाही.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत हा अर्ज बहुधा तीन ठिकाणी लागतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाणाऱ्या अपिलाला, उदाहरणार्थ जुन्या भूसंपादनातील वाढीव मोबदल्याच्या प्रकरणात, ९० दिवसांची मुदत असते. फेरफारासारख्या महसुली आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करावे लागते. तेथे उशीर माफ करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५१ मध्ये आहे. पुढील विवेचन पहिल्या प्रकाराचे आहे.

उशीर किती दिवसांचा, हे अचूक काढणे हे पहिले काम, आणि चूक बहुधा येथेच होते. निकालाचा दिवस मोजायचा नसतो. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवसही कलम १२ प्रमाणे वगळतात. त्यासाठी नकलेच्या मागच्या शिक्क्यावरील अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख पाहावी लागते. नक्कल तयार होऊनही पक्षकार चार दिवसांनी न्यायला आला, तर ते चार दिवस त्याच्याच खात्यावर पडतात.

नमुन्यादाखल औसा तालुक्यातील एका शेतकऱ्याचे कल्पित प्रकरण घेता येईल. बांधाच्या हद्दीच्या दाव्यात त्याच्याविरुद्ध १२ जानेवारी २०२४ रोजी निकाल लागला. ३० दिवस ११ फेब्रुवारीला पुरे झाले. नकलेचा अर्ज १६ जानेवारीचा आणि नक्कल २५ जानेवारीला तयार, म्हणून १० दिवस वाढून शेवटची तारीख २१ फेब्रुवारी आली. अपील लातूरच्या जिल्हा न्यायालयात २ एप्रिलला दाखल झाले. म्हणजे विलंब ४१ दिवसांचा.

हिशेब द्यायचा तो या ४१ दिवसांचा. मुदत चालू असताना पक्षकाराने काय केले, हे दिवसागणिक सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स (१९६२) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण अडथळा मुदत संपण्याआधी उभा राहिलेला असला पाहिजे. मुदत संपल्यावर आलेले आजारपण पुढच्या दिवसांचा खुलासा करील, मुदत का हुकली याचा करणार नाही.

या शेतकऱ्याचा अडथळा १९ फेब्रुवारीचा आहे. त्या दिवशी तो ट्रॅक्टरवरून पडला आणि मांडीचे हाड मोडले. ६ मार्चपर्यंत तो रुग्णालयात होता. विलंबाचे पहिले १४ दिवस त्यात गेले आणि त्यांना डिस्चार्ज कार्डाचा पुरावा आहे. ७ ते २० मार्च हे पुढचे १४ दिवस डॉक्टरांनी लेखी सांगितलेल्या सक्तीच्या विश्रांतीचे. २१ तारखेला तपासणी झाली, २२ ला तो वॉकर घेऊन लातूरला वकिलांकडे गेला. २३ चा चौथा शनिवार, मग रविवार आणि २५ चे धूलिवंदन असे तीन दिवस न्यायालय बंद होते. २६ ते २८ या काळात रुग्णालयाचे कागद मिळवून मसुदा झाला. २९ ला गुड फ्रायडे होता, ३० ला मसुदा घरी वाचून दाखवला गेला, ३१ ला रविवार. १ एप्रिलला शपथपत्र झाले आणि २ ला अपील दाखल झाले. बेरीज ४१ येते, आणि ती आलीच पाहिजे. अर्जात ४१ आणि तपशिलात ३७ असे निघाले, की उरलेल्या चार दिवसांवर विरुद्ध बाजूचे सगळे म्हणणे उभे राहते.

यातला नाजूक भाग ७ ते २० मार्चचा आहे. घरी आलेला माणूस वकिलाला फोन करू शकत होता, मुलाला पाठवू शकत होता, हा आक्षेप ठरलेलाच. ‘अर्जदार आजारी असल्याने येऊ शकला नाही’ हे वाक्य त्यापुढे टिकत नाही. ‘१० मार्चला मुलाच्या फोनवरून वकिलांशी बोललो, वकीलपत्र व शपथपत्रावर सही लागेल असे कळले, उठता येताच गेलो’ हे वाक्य टिकते, कारण त्यातून माणसाची धडपड दिसते. सद्भाव दाखवायचा तो असा. कलम ५ मध्ये सद्भाव हा शब्द नाही, न्यायालये तो पुरेशा कारणाच्या पोटात पाहतात. मुदत कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येनुसार योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केलेली ठरत नाही. मन स्वच्छ असणे एवढ्याने भागत नाही.

अडचणीची गोष्ट आपणहून सांगणे हा सद्भावाचाच भाग. समजा, १४ मार्चला लातूरच्या बाजार समितीत याच शेतकऱ्याच्या नावाने तुरीची पट्टी झाली. माल मुलाने नेला होता, पट्टी वडिलांच्या नावाची. अर्जात याचा उल्लेख असेल तर ती साधी बाब राहते. विरुद्ध बाजूने ती पट्टी आपल्या म्हणण्यासोबत जोडली, तर विश्रांतीचे खरे १४ दिवसही खोटे वाटू लागतात.

रोजच्या रोजचा हिशेब किती काटेकोर मागायचा, यावर निकालांचे दोन प्रवाह आहेत. अनंतनागचे भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी (१९८७) या प्रकरणात सरकारचे अपील ४ दिवस उशिरा आले होते. प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा या नियमाचा अतिरेक करू नये, असे तेथे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. बालकृष्णन विरुद्ध कृष्णमूर्ती (१९९८) मध्ये ८८३ दिवसही माफ झाले, कारण लांबीपेक्षा खुलाशाची विश्वासार्हता मोठी मानली गेली. उलट, बसवराज (२०१३) या भूसंपादनाच्या प्रकरणात साडेपाच वर्षांचा विलंब माफ झाला नाही. सरकारी खात्यांनाही फायली फिरत राहिल्याचे कारण आता सहज तारत नाही. पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया (२०१२) मध्ये ४२७ दिवसांचा विलंब त्यामुळेच नाकारला गेला. उदार दृष्टीचा आधार घेऊन तपशील गाळणे म्हणून धोक्याचे आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३-अ प्रमाणे हा अर्ज अपिलासोबतच, शपथपत्रासह द्यावा लागतो. तो सहसा किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जातो. विरुद्ध बाजूला नोटीस जाते, ती आपले म्हणणे देते, मग आदेश होतो. विलंब माफ करताना न्यायालय विरुद्ध बाजूला खर्च देण्याची अट घालू शकते. मोबदल्याच्या प्रकरणांत विलंबाच्या काळाचे व्याज मिळणार नाही, अशीही अट पडते. अर्ज प्रलंबित असताना, अपील ऐकायचे ठरेपर्यंत, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. त्यामुळे विरुद्ध बाजू दरखास्त घेऊन बांधावर मोजणीदार आणू शकते, आणि अर्जदाराला नोटीस लवकर बजावून घेणे भाग पडते.